परदेशी प्रतिनिधीला निमंत्रणपत्र: तारखा, मुक्काम आणि व्हिसाबद्दल नेमकं काय लिहायचं?

गूळवाट

नमस्कार मंडळी. आमच्या कोल्हापुरातल्या कॉलेजात जानेवारीच्या 30 आणि 31 तारखेला गूळनिर्मितीवर दोन दिवसांची कार्यशाळा ठरली आहे. केनियातून एक संशोधक बाई येणार आहेत. पश्चिम केनियात काकामेगा भागात लहान लहान गुऱ्हाळं चालतात, त्यांच्या चुलाणात जळण कमी कसं लागेल यावर त्या काम करतात. इथलं चालू गुऱ्हाळ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे, काहिलीतला रस उकळताना, मळी काढताना. म्हणून हंगामातच बोलवायचं ठरलं. आज 5 नोव्हेंबर, म्हणजे हातात बारा आठवडे आहेत.

निमंत्रणपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जुन्या फाइलीतला मसुदा असा आहे (पत्र इंग्रजीत जाणार, इथे मराठीत देतो):

> आमच्या कार्यशाळेसाठी आपणांस निमंत्रित करताना अतिशय आनंद होत आहे. कार्यशाळा 30/01 ते 31/01 या काळात होईल. आपल्या निवास व भोजनाची सोय करण्यात येईल. व्हिसासाठी सर्वतोपरी मदत केली जाईल.

याच शब्दांत गेल्या वर्षी दुसऱ्या एका पाहुण्यांना पत्र गेलं होतं. त्यांनी त्यावर विसंबून तिकीट काढलं, व्हिसा वेळेत झाला नाही आणि तिकिटाचे पैसे बुडाले. नंतर त्यांचा मेल आला. भाषा सौम्य होती, पण एक प्रश्न होता: 'सर्वतोपरी म्हणजे तुम्ही नेमकं काय करणार होता?' आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. या वेळी आम्हाला जेवढं जमतं तेवढंच, पण स्पष्ट लिहायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

रंकाळावेस

दादा, एवढं डोक्याला लावून घेऊ नका. दोन दिवसांचा तर कार्यक्रम. त्यांना सांगा ई-टुरिस्ट व्हिसा काढा म्हणून. घरबसल्या निघतो, कुणाच्या पत्राचीही गरज नाही. आमच्या ओळखीत दोघं-तिघं असेच येऊन गेले. केनिया ई-व्हिसाच्या यादीत आहे, मी आत्ताच बघितलं.

फाइलमास्तर

रंकाळावेस, केनिया यादीत आहे हे बरोबर. पण टुरिस्ट व्हिसा फिरायला, नातेवाइकांना भेटायला. कार्यशाळेत प्रतिनिधी म्हणून भाग घ्यायला कॉन्फरन्स व्हिसा हा वेगळा प्रकार आहे आणि ई-व्हिसातही तो स्वतंत्र आहे. आधी कुणी तसं येऊन गेलं म्हणजे ते नियमात बसलं असं होत नाही. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, 'कशासाठी आलात?' आणि बाईंनी खरं उत्तर दिलं, तर अडचण त्यांची होणार. पत्र पाठवणाऱ्याने पाहुण्याला अशा जागी उभं करू नये.

गूळवाट, मी विद्यापीठाच्या कचेरीत एकोणीस वर्षं परदेशी पाहुण्यांच्या फाइली हलवल्या. तुमचं खरं दुखणं पत्राच्या भाषेत नाही, क्रमात आहे. ई-कॉन्फरन्सच्या अर्जाला दोन कागद लागतात. एक तुमचं निमंत्रणपत्र. दुसरा, परराष्ट्र मंत्रालयाची त्या कार्यक्रमासाठीची राजकीय मंजुरी. शिवाय जिथे लागू असेल तिथे गृह मंत्रालयाची कार्यक्रमाची मंजुरी. हा दुसरा कागद पाहुणा मिळवू शकत नाही, तो आयोजकानेच मिळवायचा. तुमचं कॉलेज ज्या खात्याच्या अखत्यारीत येतं तिथून आधी प्रशासकीय मान्यता, मग पुढे प्रस्ताव. प्रस्तावात विषय, तारखा, ठिकाण आणि येणाऱ्या प्रत्येक परदेशी व्यक्तीचं नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा तपशील.

गेल्या वर्षी तुमच्याकडून बहुधा हेच राहिलं. पत्र गेलं, मंजुरीचा प्रस्ताव गेलाच नाही, किंवा उशिरा गेला.

गूळवाट

सर, अगदी तसंच झालं. प्रस्ताव द्यायचा असतो हे आम्हाला डिसेंबरच्या शेवटी कळलं. तोवर पाहुणे ऑनलाइन अर्जात 'राजकीय मंजुरी जोडा' या रकान्यापाशी अडकले होते आणि आम्हाला विचारत होते की हा कागद कुठाय. आम्हाला वाटलं त्यांच्या देशातून मिळतो.

कृष्णाकाठची

माझा अनुभव सांगते. मागच्या वर्षी मला एका परिषदेला जर्मनीला जायचं होतं. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र, प्रवासाचा विमा, हे सगळं लागलं. मुंबईला दोन खेपा झाल्या. तुम्ही विमा आधी काढून ठेवा आणि बायोमेट्रिक्सची वेळ लवकर घ्या.

फाइलमास्तर

ताई, तुमचा अनुभव आपण बाहेर जाण्याचा आहे. इथे त्या बाई आपल्याकडे यायच्या आहेत. पण एक धागा तुमच्या बोलण्यातूनच धरतो. तुमच्या निमंत्रणपत्रात कोणता खर्च कोण करणार हे लिहिलं होतं का?

कृष्णाकाठची

हो, लिहिलं होतं. नोंदणी शुल्क माफ, हॉटेल चार रात्री त्यांचं, विमान माझं. आणि ते एका ओळीत स्पष्ट होतं म्हणून बरं झालं. काउंटरवरच्या मुलीने तीच ओळ बोट ठेवून वाचली आणि मग बँकेच्या स्टेटमेंटमध्ये विमानापुरते पैसे आहेत का ते बघितलं. प्रश्न वाचायला चुकले, क्षमस्व.

फाइलमास्तर

हेच हवं होतं. 'निवासाची सोय करण्यात येईल' यातून पैसे कोण देणार ते कळत नाही. सोय करणं म्हणजे खोली शोधून देणंही होतं. वाचणारा आपल्याला हवा तो अर्थ घेतो आणि भांडण इथे आल्यावर होतं.

पाहुणचार_केएलएच

मी स्टेशन रोडला हॉटेल सांभाळतो. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही तुमच्या पत्राशी संबंधित.

पहिली म्हणजे तारखा. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, अंबाबाईचा किरणोत्सव! मावळतीचे किरण पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. त्या दिवसांत खोलीसाठी फोन यायला लागतात ते थांबतच नाहीत. दर चढतात आणि मागाहून येणाऱ्याला खोली मिळत नाही. तुम्ही नेमका तोच मुहूर्त धरलाय. 26 जानेवारीला जोडून सुट्टी आली तरी तीच गत.

दुसरी. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, आम्ही त्याला सी फॉर्म म्हणतो. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार, सगळं भरावं लागतं. त्यासाठी हॉटेलची नोंदणी आणि लॉगिन पाहिजे. आपल्याकडे बऱ्याच लॉजकडे ते नाही, म्हणून पासपोर्ट बघितला की 'खोली शिल्लक नाही' म्हणतात. रात्री अकराला स्टँडवरून बॅग ओढत आलेल्या एका फ्रेंच जोडप्याला मी माझ्या लॉबीत बसवलंय. आधीच्या लॉजवाल्याने बुकिंग घेतलं होतं आणि पासपोर्ट बघून नाही म्हटलं होतं. तेव्हा पत्रात ज्या हॉटेलचं नाव घालाल त्याला आधी विचारा: परदेशी पाहुणा घेता का, सी फॉर्म भरता का?

गूळवाट

किरणोत्सवाचं लक्षातच आलं नव्हतं. आमचं ठरत होतं की बाईंना कॉलेजच्या गेस्ट हाउसमध्ये ठेवावं. ते जमलं नाही तर आमच्या एक मॅडम म्हणतात, 'माझ्या घरी राहू देत, हॉटेलात एकटीला कशाला ठेवायचं.' त्या मनापासून म्हणतायत. घरगुती मुक्कामाला तरी हा फॉर्म लागत नसेल ना?

पाहुणचार_केएलएच

लागतो भावा. परदेशी माणूस मुक्कामाला ठेवणाऱ्या सगळ्यांनाच लागतो, घर असो की गेस्ट हाउस. मॅडमनी ठेवायचंच असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिकांच्या शाखेत आधीच जाऊन नोंदणी कशी करायची ते विचारून घ्यावं. पाहुणी आल्यावर धावपळ करून 24 तासांत बसत नाही.

रंकाळावेस

पण कॉलेजचं गेस्ट हाउस म्हणजे संस्थेचंच की. त्याला वेगळी नोंदणी कशाला? संस्थेची परवानगी असली म्हणजे झालं.

फाइलमास्तर

संस्थेची परवानगी संस्थेपुरती. सी फॉर्म पाहुणा ठेवणाऱ्याने भरायचा, आणि गेस्ट हाउसचं लॉगिन नसेल तर तो भरणार कुठून? गूळवाट, उद्याच गेस्ट हाउसच्या रखवालदाराला नको, कचेरीत विचारा की लॉगिन आहे का आणि पासवर्ड कुणाकडे आहे. आमच्याकडे लॉगिन होतं, पण ज्याच्या मोबाइलवर ओटीपी यायचा तो माणूस निवृत्त झालेला. पाहुणे आल्यावर कळलं.

आता तारखांचं. बदलायच्या असतील तर प्रस्ताव जायच्या आधी बदला. मंजुरी तुम्ही कळवलेल्या तारखांना मिळते. नंतर पत्रात एक, मंजुरीत दुसरी असं झालं की अर्ज तपासणारा थांबतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा आणि वर्ष घाला. 30/01 मध्ये घोळ होणार नाही, पण 05/02 असं लिहिलं की अमेरिकन माणूस 2 मे वाचतो. आमच्या एका पाहुण्यांनी तसं वाचलं होतं. आणि कार्यशाळेच्या तारखा वेगळ्या, मुक्कामाच्या वेगळ्या. दोन्ही लिहायच्या. बाईंना गुऱ्हाळ बघायचंय, म्हणजे कार्यशाळेनंतर एक-दोन दिवस राहणार. ते दिवस पत्रात नसतील तर 'कार्यक्रम संपल्यावर हे दिवस कशाचे?' हा प्रश्न येतो. ई-कॉन्फरन्स व्हिसा एकदाच प्रवेशाचा आणि 30 दिवसांचा असतो, त्यामुळे तुमचे पाच-सहा दिवस सहज बसतात. मात्र मधेच श्रीलंकेला जाऊन परत येईन असा त्यांचा बेत असेल तर नाही जमणार.

गूळवाट

प्राचार्यांशी बोललो. तारखा 19 आणि 20 जानेवारी केल्या. गेस्ट हाउसकडे लॉगिन नाही, म्हणून हॉटेलच धरलं. दोन ठिकाणी विचारून जिथे सी फॉर्म नियमित भरतात तिथे खोली राखून ठेवली. मॅडमकडे एक दिवस जेवायला जायचं ठरलंय. प्रस्तावही तयार होतोय. आता पत्राचा नवा मसुदा बघा:

> आपले पासपोर्टवरील पूर्ण नाव, राष्ट्रीयत्व व पासपोर्ट क्रमांक: ______
>
> आमच्या महाविद्यालयात 19 व 20 जानेवारी, वर्ष ______, रोजी होणाऱ्या कार्यशाळेत आपण वक्ता म्हणून सहभागी व्हावे, ही विनंती. 19 जानेवारीला सकाळी 10 वाजता उद्घाटन, दुपारी 2 वाजता आपले व्याख्यान. 21 जानेवारीला करवीर तालुक्यातील चालू गुऱ्हाळाला भेट. ही भेट कार्यशाळेचा भाग आहे. आपण 17 जानेवारीला मुंबईत उतरून 18 तारखेला कोल्हापुरात यावे व 22 तारखेला येथून परत निघावे, असे सुचवतो.
>
> 18 ते 22 जानेवारी या चार रात्रींसाठी (नाव व पत्ता) या हॉटेलात आपल्या नावे एक खोली राखून ठेवली आहे. खोलीचे भाडे व न्याहारी यांचा खर्च आम्ही करू. मुंबई ते कोल्हापूर व परत या प्रवासाचा खर्च आम्ही करू. नैरोबी ते मुंबई व परत विमानभाडे, मुंबईतील मुक्काम, व्हिसा शुल्क व विमा यांचा खर्च आपण करावा.
>
> व्हिसासाठी आम्ही तीन गोष्टी करू: हे निमंत्रणपत्र, कार्यक्रमाच्या राजकीय मंजुरीची प्रत मिळताच ती मेलने, आणि व्हिसा अधिकाऱ्यांनी विचारणा केल्यास खाली सही करणाऱ्यांकडून उत्तर. अर्ज आपणच करायचा आहे. व्हिसा देणे न देणे हा भारत सरकारचा निर्णय आहे, त्याची हमी आम्ही देऊ शकत नाही. व्हिसा मिळाल्याशिवाय परत न मिळणारे तिकीट काढू नये, ही आग्रहाची विनंती.

फाइलमास्तर

आता पत्र झालं. थोडी भर घालतो.

अर्जाचं अधिकृत संकेतस्थळ पत्रातच छापा: `indianvisaonline.gov.in/evisa`. नावात भारत, व्हिसा, ऑनलाइन असे शब्द असलेली भरपूर खासगी संकेतस्थळं आहेत, दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. परदेशातला माणूस शोधायला गेला की आधी तीच सापडतात. एकदा भरलेलं शुल्क अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही, हेही कळवा. ई-कॉन्फरन्सचा अर्ज प्रवेशाच्या 120 दिवस आधीपासून भरता येतो आणि किमान 4 दिवस आधी भरावाच लागतो. म्हणजे आज खिडकी उघडी आहे, अडलंय ते मंजुरीमुळे. ती आली की त्याच दिवशी त्यांना पाठवा. पासपोर्ट सहा महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा, हे आत्ताच विचारून घ्या.

अर्ज मंजूर झाला की स्थिती `GRANTED` दिसते. त्याचा छापील कागद बरोबर ठेवायचा. 'मेल आला' एवढ्यावर विमानात बसायचं नाही, संकेतस्थळावर स्थिती बघायची.

आणि ई-व्हिसावर ठरलेल्या विमानतळांवरूनच आत येता येतं. मुंबई त्यात आहे, तुमचा मार्ग बरोबर आहे. कोल्हापूरला उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरायचं ते देशांतर्गत विमानाने.

साथरोग_वाचक

एक फार महत्त्वाचं राहतंय. केनियातून येणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरतात. बाई 17 तारखेला उतरणार असतील तर लस 7 जानेवारीच्या आत झालेली हवी, आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं कशाला. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणजे व्हिसा हातात असून तुमची कार्यशाळा संपेपर्यंत त्या मुंबईतच. मी आरोग्य खात्यात होतो, असे पाहुणे बघितलेत. पत्रात एक ओळ घाला.

गूळवाट

ही ओळ तर आम्हाला सुचलीच नसती. मनापासून आभार. घातली.

पंचगंगा_घाट

मधे बोलतोय. मानधनाचं काय? बाई व्याख्यान देणार, तर आमच्याकडे पाहुण्यांना पाकिटात काहीतरी देतातच. रोख दिलं तर चालतं का?

फाइलमास्तर

पाकीट नको. अनिवासी व्यक्तीला पैसे देताना आपल्याकडे कर कापायचा प्रश्न येतो, ते तुमच्या लेखापालांनी बघायचं. त्यापेक्षा मोठा प्रश्न असा की कॉन्फरन्स व्हिसावर आलेल्या माणसाने इथे मोबदला घ्यावा का. माझ्या काळात आम्ही मानधन टाळायचो आणि फक्त खर्च उचलायचो. पण ठाम उत्तर लेखापालांकडून आणि मंजुरी देणाऱ्या खात्याकडून लेखी घ्या.

रंकाळावेस

माझं टुरिस्टचं चुकलं, मान्य. पण एक विचारतो. जानेवारी उजाडला तरी मंजुरी आलीच नाही, तर? तेव्हा तरी ई-बिझनेस चालेल ना? त्यात व्याख्यानं बसतात असं वाचलंय.

फाइलमास्तर

अर्धं बरोबर वाचलंय. सरकारच्या ग्यान योजनेखाली व्याख्यानं द्यायला येणारे ई-बिझनेसमध्ये बसतात. आपली कार्यशाळा ग्यानमधली नाही. मंजुरी रखडली तर दुसरी वाट म्हणजे नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयात साधा कॉन्फरन्स व्हिसा. तिथेही मंजुरीची विचारणा होऊ शकते, त्यामुळे ती पळवाट समजू नका. पण त्यासाठी उच्चायुक्तालयातल्या व्हिसा अधिकाऱ्यांच्या नावे एक वेगळं छोटं पत्र आत्ताच तयार ठेवा, तेच तपशील, तीच सही. आणि 5 जानेवारीपर्यंत काहीच हातात नसेल तर बाईंना स्पष्ट कळवून व्याख्यान ऑनलाइन घ्या. ही तारीख पत्रातच लिहा, म्हणजे त्यांनाही वाट कधीपर्यंत बघायची ते कळेल.

कृष्णाकाठची

हे मात्र मला पटत नाही. निमंत्रणातच 'नाही जमलं तर' लिहिणं पाहुण्याला कसं वाटेल? बोलावतायत की परतवतायत? ते मेलमध्ये वेगळं लिहा.

गूळवाट

ताई, मी दोन्ही करून बघितलं. गेल्या वर्षीचा मेल समोर ठेवला आणि पत्रातच ठेवायचं ठरवलं. प्राचार्य अजून तुमच्या बाजूचे आहेत, उद्या पुन्हा बोलणार.

आज मात्र एक झालं. पासपोर्टच्या पानाचा फोटो मागवला होता, तो आला. बाई मेलवर दोनच नावं लिहितात. पासपोर्टवर तीन आहेत, आणि मेलमध्ये जे शेवटी लिहितात ते पासपोर्टवर मधे आहे, आडनाव तिसरंच. हॉटेलचं बुकिंग, मंजुरीचा प्रस्ताव आणि पत्र, तिन्हीकडे मेलवरचं नाव गेलं होतं. हॉटेलला फोन करून नाव बदललं. प्रस्ताव कचेरीतच होता, परत घेऊन पान बदललं. पत्र आत्ता दुरुस्त करतोय.

फाइलमास्तर

प्रस्तावाच्या दोन्ही प्रतींत बदललंत का? जोडपत्रातल्या यादीत सुद्धा नाव असतं.

गूळवाट

यादीत राहिलंय! सकाळी कचेरी उघडली की आधी तेच.